एका वारेवरची दोन बाळे
जुळ्या गर्भांतील रक्तसंक्रमण, त्याच्या पायऱ्या आणि लेसर उपचारामागचे कारण

इचलकरंजीतील एका कापड व्यापारी कुटुंबाची सून एकोणिसाव्या आठवड्यात असताना तिचे पोट आठ दिवसांत विलक्षण वाढले. नेसलेली साडी दुपारपर्यंत कमरेला काचू लागली. रात्री उताणे पडले की दम लागे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्याचा साधा अर्थ लावला, ‘जुळी आहेत, पोट मोठे दिसणारच.’ पुढची सोनोग्राफी चार दिवसांनी ठरलेली होती, तरी सुनेने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. सोळाव्या आठवड्यातच डॉक्टरांनी तिला बजावून ठेवले होते की पोट अचानक ताणले गेले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

हा प्रसंग कोणा एका विशिष्ट घरातला नाही. अशा अनेक गर्भारपणांत जो क्रम दिसतो, तो येथे एका उदाहरणात गुंफला आहे. तपासणीत पुढे जे आढळले, त्याला वैद्यकात ‘ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम’, थोडक्यात टीटीटीएस म्हणतात. मराठीत त्याला जुळ्या गर्भांतील रक्तसंक्रमण म्हणता येईल. हा विकार सर्व जुळ्यांना होत नाही. ज्या दोन बाळांत एकच वार, म्हणजे अपरा, सामाईक असते त्यांनाच तो संभवतो.

सामाईक वार म्हणजे काय

दोन स्वतंत्र बीजांपासून झालेल्या जुळ्यांना दोन स्वतंत्र वारा असतात. त्या गर्भाशयात एकमेकींना चिकटून एक झाल्यासारख्या दिसल्या, तरी त्यांचे रक्तप्रवाह निराळेच राहतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन झालेल्या जुळ्यांत मात्र तो भाग केव्हा पडला यावर सारे अवलंबून असते. पहिल्या तीन दिवसांत पडला तर दोन वारा होतात. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसांत पडला तर वार एक आणि गर्भजलाच्या पिशव्या दोन, अशी रचना होते. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जुळी या दुसऱ्या प्रकारची असतात.

ही रचना ओळखण्याची उत्तम वेळ म्हणजे अकरावा ते चौदावा आठवडा. दोन पिशव्यांमधील पडदा वारेला जेथे मिळतो ती जागा सोनोग्राफीत पाहतात. पडदा पातळ असून वारेवर काटकोनात टेकलेला, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा दिसला, तर वार एकच असते. तेथे जाड त्रिकोणी पाचर दिसली तर वारा दोन असतात. पुढे पोटात जागा उरत नाही, पडदा दाबला जातो आणि ही खूण पुसट होते. त्यामुळे बाराव्या आठवड्याच्या अहवालात ‘जुळी’ एवढा शब्द पुरेसा नाही. वार एक की दोन, हेही त्यात लिहिलेले असावे. इचलकरंजीच्या सुनेच्या अहवालात ‘एक वार, दोन पिशव्या’ असे स्पष्ट नोंदले होते आणि त्याच आधारावर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी ठरली होती.

तोल कसा जातो

सामाईक वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात आणि बहुतेक सर्व वारांत त्या कोठे ना कोठे एकमेकींना जोडलेल्या असतात. काही जोडांत एका बाळाची रोहिणी वारेत खोल उतरते आणि तेथून रक्त परतते ते दुसऱ्या बाळाच्या नीलेतून. असा जोड एकाच दिशेने वाहतो. मात्र एका जोडातून जेवढे रक्त जाते, जवळजवळ तेवढेच दुसऱ्या उलट्या जोडातून परत येत असेल, तर बाधा होत नाही. व्यापारी भाषेत बोलायचे तर दोन भागीदारांच्या उचलीचा मेळ रोज जुळत राहतो. एका वारेच्या शंभर जुळ्यांपैकी साधारण पंच्याऐंशी ते नव्वद जुळ्यांत हा मेळ बिघडत नाही. उरलेल्या दहा ते पंधरांत तो बिघडतो आणि त्यालाच टीटीटीएस म्हणतात.

देणाऱ्या बाळाच्या अंगातील रक्त कमी होऊ लागते. ते वाचवण्यासाठी त्याचे शरीर मूत्रपिंडांचा प्रवाह आखडते आणि लघवी कमी होते. गर्भजल या काळात मुख्यतः बाळाच्या लघवीचेच बनलेले असते, त्यामुळे त्याच्या पिशवीतील पाणी आटते. अखेरीस पडदा त्याच्या अंगाला लपेटल्यासारखा चिकटतो आणि ते गर्भाशयाच्या भिंतीशी अडकून राहते. घेणाऱ्या बाळाचे वरवर चांगले चालले आहे असे वाटते, पण तसे नसते. जास्तीचे रक्त बाहेर टाकण्यासाठी ते भरमसाट लघवी करते, त्याची पिशवी फुगते आणि आईचे पोट ताणले जाते. शिवाय देणाऱ्या बाळाच्या शरीरात रक्तवाहिन्या आवळण्यासाठी जे स्राव तयार होतात, तेही जोडांतून या बाळाकडे येतात. अंगात रक्त जास्त आणि वर रक्तदाब वाढवणारे स्राव, असा दुहेरी भार त्याच्या हृदयावर पडतो. हृदयाच्या भिंती जाड होतात, झडपा गळू लागतात आणि काही बाळांचे हृदय थकून जाते. म्हणून या विकारात एक बाळ उपाशी आणि दुसरे सुखी, असे नसते. दोघेही धोक्यात असतात, फक्त धोक्याचे रूप निराळे असते.

पाच पायऱ्या

निदान दोन आकड्यांवर ठरते. प्रत्येक पिशवीतील पाण्याचा सर्वांत खोल कप्पा सेंटिमीटरमध्ये मोजतात. एकीकडे तो दोन किंवा त्याहून कमी आणि दुसरीकडे आठ किंवा त्याहून अधिक असेल, तर टीटीटीएस आहे असे म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर युरोपात वरची मर्यादा दहा धरतात. बाळांच्या वजनातील फरकावर हे निदान ठरत नाही. एक बाळ लहान असूनही दोघांचे पाणी ठीक असेल, तर तो निराळा प्रश्न असतो.

निदान झाल्यावर विकार किती पुढे गेला हे सांगण्यासाठी रूबेन क्विंटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्या आजही जगभर वापरतात.

पहिल्या पायरीत पाण्याचा असमतोल असतो, पण देणाऱ्या बाळाचे मूत्राशय सोनोग्राफीत दिसते. म्हणजे थोडी का होईना, लघवी तयार होते आहे. दुसऱ्या पायरीत ते मूत्राशय दिसेनासे होते. एरवी बाळाचे मूत्राशय अर्ध्या तासाच्या आसपास भरते आणि रिकामे होते. त्यामुळे एकदा पाहून निष्कर्ष काढत नाहीत. तासाभराने पुन्हा पाहतात. तिसऱ्या पायरीत डॉपलर तपासणी बिघडलेली असते. देणाऱ्या बाळाच्या नाळेतील रोहिणीत हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये प्रवाह थांबतो किंवा उलटा वाहतो, अथवा घेणाऱ्या बाळाच्या हृदयाकडे रक्त नेणाऱ्या नीलेत हृदयावरच्या ताणाची खूण दिसते. चौथ्या पायरीत एखाद्या बाळाच्या पोटात, छातीत वा त्वचेखाली पाणी साठते. बहुधा ते घेणारे बाळ असते. पाचवी पायरी म्हणजे एका किंवा दोन्ही बाळांचा मृत्यू.

पायऱ्या हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. विकार एकेक पायरी चढत जाईल आणि प्रत्येक पायरीवर विचाराला अवधी देईल, असे नाही. पहिल्या पायरीतील अनेक गर्भारपणे तेथेच स्थिरावतात, काही आपोआप सुधारतात, तर काही थोड्या दिवसांत थेट तिसरीवर पोहोचतात. म्हणून पायरी कळणे म्हणजे भविष्य कळणे नव्हे. आज काय करावे, एवढेच ती सांगते.

इचलकरंजीच्या सुनेच्या नोंदी अशा होत्या. सोळाव्या आठवड्यात दोन्ही कप्पे साडेचार आणि चार सेंटिमीटर होते, म्हणजे चिंतेचे काही नव्हते. अठराव्या आठवड्यात ते साडेसहा आणि पावणेतीन झाले. हा विकार नव्हता, पण दिशा चांगली नव्हती. म्हणून पुढची तपासणी पंधराऐवजी दहा दिवसांवर आणली होती. पोट ताणले म्हणून ती सहाव्या दिवशीच पोहोचली, तेव्हा एका बाजूला साडेदहा आणि दुसऱ्या बाजूला एक सेंटिमीटरच पाणी होते. लहान बाळाचे मूत्राशय तासाभराने पाहिले तरी दिसेना. डॉपलर ठीक होते. पायरी दुसरी ठरली. त्याच संध्याकाळी तिला मुंबईच्या गर्भवैद्यक तज्ज्ञांकडे पाठवण्याचे ठरले.

पाणी काढले तर?

मुंबईत तिच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी स्वाभाविक होता. “डॉक्टरसाहेब, पाणी जास्त झाले आहे तर सुईने काढून टाका. एवढ्या लहान जिवांवर लेसर कशाला?”

डॉक्टर म्हणाले, “आई, नळ उघडा ठेवून बादली उपसण्यासारखे ते होईल. पाणी काढले की सूनबाईंना हलके वाटेल, पण रक्त जेथून जाते ती वाट उघडीच राहील. आठ दिवसांनी पाणी पुन्हा भरेल.”

पाणी काढणे हाच बराच काळ मुख्य उपचार होता. वारेवरचे जोड लेसरने बंद करण्याची कल्पना अमेरिकेतील ज्युलियन डी लिया यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आणली. तरी कोणता मार्ग चांगला यावर तज्ज्ञांत एकमत नव्हते. ते ठरवण्यासाठी युरोपातील केंद्रांनी, फ्रान्समधील इव्ह विल यांच्या पुढाकाराने, एक चाचणी केली. पंधरा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान टीटीटीएस आढळलेल्या 142 स्त्रियांना चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे दोन गटांत विभागले. 72 जणींवर लेसर केला आणि 70 जणींचे पाणी वेळोवेळी काढले. मधल्या पडताळणीतच फरक इतका स्पष्ट झाला की चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. तिचा निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाला.

लेसर गटात 76 टक्के गर्भारपणांत निदान एक बाळ जन्मानंतर 28 दिवस जगले, तर पाणी काढलेल्या गटात 56 टक्के. लेसर गटातील प्रसूती मध्यमानाने तेहतीस आठवड्यांच्या सुमारास झाल्या, तर दुसऱ्या गटातील एकोणतीस आठवड्यांच्या सुमारास. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टीने हे चार आठवडे फार मोठे असतात. मेंदूच्या विशिष्ट इजेचे प्रमाणही लेसर गटात 6 टक्के आणि दुसऱ्या गटात 14 टक्के होते.

मेंदूविषयीच्या या फरकामागे लेसरचे दुसरे, कमी माहीत असलेले कारण आहे. सामाईक वारेवरील एक बाळ दगावले तर त्याच्या शरीरातील रक्तदाब क्षणात शून्यावर येतो आणि जोड उघडे असतील तर जिवंत बाळाचे रक्त तिकडे वाहून जाते. या आकस्मिक रक्तक्षयाने दुसरे बाळही जाऊ शकते, किंवा वाचले तरी त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते; वाचलेल्यांत सुमारे चौघांपैकी एकास ती होते. लेसरने जोड बंद झाल्यावर एक वार जणू दोन वारा होतात. त्यानंतर दुर्दैवाने एक बाळ गेलेच, तरी त्याच्या मृत्यूचा आघात दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट बरीचशी बंद झालेली असते.

येथेच अनेक कुटुंबांच्या मनात एक शंका येते आणि ती बोलून दाखवणे जड जाते. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा लागणार का? लेसरने जोड बंद करण्यात तसे काही नाही. त्याचा हेतू दोघांनाही वाचवण्याचा असतो. एका बाळाची नाळ जाणूनबुजून बंद करणे ही वेगळी शस्त्रक्रिया आहे. एका बाळात जगण्याशी विसंगत व्यंग असेल किंवा लेसर शक्य नसेल, अशा मोजक्या प्रसंगी तिचा विचार पुढे येतो. दोन्हींची नावे एकाच बैठकीत कानावर पडली की घोटाळा होतो. म्हणून आपल्याला नेमके काय सुचवले जात आहे, हे कुटुंबाने स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे.

पहिल्या पायरीत मात्र लेसरचा आग्रह नसतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लगेच लेसर करण्याने, जवळून लक्ष ठेवण्याच्या तुलनेत, निरोगी बाळांची संख्या स्पष्टपणे वाढली नाही. परंतु वाट पाहणाऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणींना पुढे लेसर करावाच लागला. म्हणून पहिल्या पायरीत थांबणे योग्य ठरते, पण ते आठवड्याला निदान एकदा सोनोग्राफी होणार असेल आणि लेसरची सोय असलेले केंद्र आवाक्यात असेल तरच. आईला फार दम लागत असेल किंवा गर्भाशयाचे मुख आखूड झाले असेल, तर पहिल्या पायरीतही लेसरचा विचार होतो. दुसऱ्या ते चौथ्या पायरीत, सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान, लेसर हाच पहिला पर्याय मानला जातो.

शस्त्रक्रियेच्या खोलीत

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेवर शस्त्रक्रिया झाली. बहुधा पूर्ण भूल लागत नाही. पोटाची जागा बधिर करतात आणि गुंगीचे औषध देतात. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने घेणाऱ्या बाळाच्या फुगलेल्या पिशवीत एक छोटीशी नळी घालतात. ती याच पिशवीत घालण्याचे कारण म्हणजे तेथे पाणी भरपूर असल्याने हालचालीला जागा मिळते. त्या नळीतून दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण आणि तिच्यासोबत केसासारखा बारीक लेसरचा तंतू आत जातो.

खरे कौशल्य जाळण्यात नसून ओळखण्यात असते. वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही नाळांपासून रक्तवाहिन्या निघतात. त्यांतील प्रत्येकीचा माग काढून ती आपल्याच बाळाकडे परतते की दुसऱ्याच्या वाहिनीला मिळते, हे पाहायचे असते. ऑक्सिजन कमी असल्याने रोहिण्या येथे गडद दिसतात आणि नीला लालसर. रंगाची ही अदलाबदल माग काढायला उपयोगी पडते. दोन्ही बाजू जेथे मिळतात त्या सीमारेषेवरील जोड लेसरने एकेक करून बंद करतात. शेवटी बंद केलेल्या बिंदूंना सांधणारी एक अखंड रेघ वारेवर ओढतात, म्हणजे डोळ्यांना न दिसलेले बारीक जोडही सुटत नाहीत. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रेघेचा लाभ दिसला. रेघ न ओढता केलेल्या शस्त्रक्रियांनंतर 7 टक्के जणींत विकार उलटला, तर रेघ ओढलेल्यांत 1 टक्क्यात. बारीक जोडांतून रक्त हळूहळू झिरपून एक बाळ फिकट आणि दुसरे दाट रक्ताचे होण्याचा उपद्रवही 16 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आला.

सुनेच्या वारेवर सात जोड सापडले. ते बंद करून रेघ ओढली आणि त्याच नळीतून पावणेदोन लिटर जादा पाणी काढले. सारे मिळून तासाभराचे काम होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही हृदये धडधडत असल्याचे पाहून तिला थोडे हायसे वाटले, पण डॉक्टरांनी आनंद जपून ठेवायला सांगितले.

लेसरनंतर

त्याला कारण होते. लेसर मूळ कारण दूर करतो, पण झालेले सारे नुकसान भरून काढत नाही, आणि त्याची स्वतःची किंमतही असते. पिशवीला पडलेले छिद्र नीट मिटत नाही. त्यामुळे पुढे पाण्याची पिशवी वेळेआधी फुटणे हा त्याचा सर्वांत मोठा उपद्रव आहे आणि बहुतेक प्रसूती दिवस भरण्याआधी होतात. वारेची वाटणी कधी फारच विषम असते. जोड तुटल्यावर ज्याच्या वाट्याला छोटा तुकडा येतो ते बाळ तेवढ्यावर जगू शकत नाही आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत दगावते. बहुधा ते देणारे बाळ असते. अनुभवी केंद्रांतही दोन्ही बाळे वाचण्याचे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपासच आहे. निदान एक बाळ वाचण्याचे प्रमाण मात्र दहांत आठ-नऊ आहे. याउलट गंभीर टीटीटीएसवर काहीच उपचार न केल्यास दहापैकी आठ-नऊ बाळे दगावतात. लेसर का सुचवला जातो, याचे उत्तर या दोन ओळींच्या तुलनेत आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे दर आठवड्याला सोनोग्राफी होते. देणाऱ्या बाळाचे मूत्राशय पुन्हा दिसू लागणे ही पहिली चांगली खूण. सुनेच्या बाळाचे ते चौथ्या दिवशी दिसले. त्यानंतर त्याच्या भोवतीचे पाणी हळूहळू वाढते आणि घेणाऱ्या बाळाच्या हृदयावरचा भार काही आठवड्यांत उतरतो. मेंदूतील एका रोहिणीतील रक्ताचा वेगही मोजतात. एका बाळात तो फार वाढला आणि दुसऱ्यात फार घटला, तर रक्त झिरपते आहे असे समजते. घरी आईने तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचे असते: योनीमार्गे पाणी जाणे, पोटात ठरावीक अंतराने कळ येणे आणि पोट पुन्हा वेगाने ताणले जाणे. यांतील काहीही आढळले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

सुनेची पिशवी तेहतिसाव्या आठवड्याच्या आरंभी फुटली. दोन्ही मुली होत्या, एक साडेअठराशे ग्रॅमची आणि दुसरी, जी पोटात भिंतीशी अडकून होती, ती चौदाशे ग्रॅमची. नवजात अतिदक्षता विभागात त्यांनी चार आठवडे काढले. डोक्याच्या सोनोग्राफीत दोघींतही दोष आढळला नाही. तरीही दोन वर्षांची होईपर्यंत त्यांची बसण्या-चालण्या-बोलण्याची प्रगती ठरावीक वेळी तपासून घ्यावी लागेल, कारण काही उणिवा त्या वयातच लक्षात येतात.

घरच्यांनी पुढे फाईल चाळली तेव्हा सर्वांत वरचा कागद बाराव्या आठवड्याचा निघाला. ‘एक वार, दोन पिशव्या’ एवढी एक ओळ त्यावर होती. पंधरा दिवसांच्या तपासण्या, पोट ताणल्यावर केलेला तो फोन आणि मुंबईचा प्रवास, सारे त्या ओळीपासून सुरू झाले होते.